अक्रोडाखालची वेणी

नेगोतिन शहराच्या बाजारामागच्या गल्लीत मिल्यानाचं फोटोचं दुकान होतं. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो हे सगळं ती करायचीच, पण तिचं घर चालायचं ते थडग्यांवर. दगडावर बसवायच्या, भट्टीत भाजून फोटो उमटवलेल्या चिनी मातीच्या अंडाकृती चकत्या ती बनवायची, आणि तिची अर्धीअधिक गिऱ्हाइकं चांगली धडधाकट, चालत दुकानात येणारी असायची. हातपाय चालताहेत तोवरच आपला दगड उभा करून ठेवावा, जन्मसाल कोरून घ्यावं, पुढे एक आडवी रेघ मारावी आणि रेघेपुढची जागा देवावर सोडावी, अशी तिकडची रीत. आणि स्वतःचा फोटो स्वतःच निवडायचा म्हटल्यावर माणसं काय काय चिकित्सा करतात, हे मिल्यानाइतकं कोणाला ठाऊक नसेल.

तिचा एकच नियम होता. चेहऱ्याला हात लावायचा नाही. सुरकुत्या तशाच, चामखीळ तशीच. केसांचं मात्र काय हवं ते सांगा.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी स्तामेना आली. वय चौऱ्याहत्तर, अंगापिंडाने ठेंगणी, हातात लाल मिरच्यांची पिशवी. पिशवी तिने खुर्चीवर ठेवली आणि स्वतः उभी राहिली.

"आमचा दोघांचा दगड बसवून झाला," ती म्हणाली. "काळा ग्रॅनाइट. आरसा म्हणून केस विंचरता येतील असा. आता फोटो तेवढा राहिलाय. हा घे."

फोटो गेल्या उन्हाळ्यातला, कोणाच्या तरी लग्नातला होता. अक्रोडाच्या झाडाखाली स्तामेना आणि तिचा नवरा रादिशा शेजारी शेजारी उभे. रादिशाचं टक्कल उन्हात चमकत होतं. स्तामेनाचे केस आखूड, पांढरे, कुरळे करून घेतलेले, आणि त्यावर न्हाव्याच्या दुकानातला तो फिकट जांभळा रंग.

"छान आलाय की, मावशी."

"छान कुठला! डोक्यावर फ्लॉवरचा गड्डा ठेवलाय. हे काढ. मला वेणी हवी. लांब, अशी खांद्यावरून पुढे. रंग चेस्टनटचा, भाजण्याआधीच्या."

"आणि चेहरा?"

"चेहरा राहू दे. चेहऱ्याची मला लाज नाही."

मिल्यानाने फोटो उजेडात धरला. "मावशी, चौऱ्याहत्तरीच्या चेहऱ्यावर सगळेच केस तपकिरी केले तर टोपी घातल्यासारखं दिसेल. कानशिलापाशी थोडे पांढरे ठेवू या."

"मेल्यावर पांढरे केस कशाला गं मला?"

"आणि भट्टीत लाल रंग दगा देतो. आठशे डिग्रीच्या वर जातो मामला. तुमचा चेस्टनट निघायचा विटेसारखा."

स्तामेना विचारात पडली. वीट तिला पटली नाही. "बरं, कानशिलापाशी थोडे. पण थोडे म्हणजे थोडे. माझी नणंद क्रस्ताना शेजारच्याच जागेत येणाराय. ती काळे ठेवणार, बघशील तू. तिचे आयुष्यात कधी काळे नव्हते."

"वेणी कशी होती, एखादा जुना फोटो आहे?"

"फोटो कशाला? वेणीच आहे."

आणि दुसऱ्या दिवशी ती खरोखरच वेणी घेऊन आली. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली. हातभर लांब, मनगटाएवढी जाड, दोन्ही टोकांना दोरा बांधलेला. पन्नास वर्षं उलटली तरी रंग तसाच.

"व्हिएन्नात कापली," स्तामेना म्हणाली. "कपडे धुवायच्या कारखान्यात होते मी. चादरी दाबायचे ते रूळ असतात ना गरम, त्यात एकीची ओढणी गेली. ओढणीच गेली म्हणून वाचली. संध्याकाळी मी कात्री मागितली." एवढं बोलून तिने डब्याचं झाकण लावलं, जणू त्यातून अजून काहीतरी बाहेर पडलं असतं.

मिल्यानाने वेणी दुकानामागच्या अंगणात लिंडनच्या झाडाला टांगली. फोटोत ऊन मागून, डावीकडून येत होतं. म्हणून चार वाजेपर्यंत थांबली आणि इथेही ऊन तसंच मागून येऊ दिलं. मागे फिकट हिरवं कापड ताणलं, फोटोतल्या पानांच्या जवळपास जाईल असं. केस हे काचेसारखे असतात, मागचा रंग थोडाथोडा आरपार येतो. पांढऱ्या भिंतीपुढे काढलेले केस हिरव्या पानांपुढे नेऊन ठेवले की कडेला पांढरी किनार उमटते, आणि मग ब्रह्मदेव आला तरी ते केस त्या डोक्याचे वाटत नाहीत.

कॉम्प्युटरवरचा पहिला प्रयत्न तरीही फसला. वेणी खांद्यावर बसली, झोकात बसली. पण डोक्यावरचे केस काही केल्या जुळेनात. जांभळ्या कुरळ्यांवर नुसता तपकिरी रंग चढवला तर रंगवलेली मेंढी दिसायची. वर गड्ड्याच्या कडेचे केस इतके विरळ होते की त्यातून पानांवरचं ऊन दिसत होतं. ते पुसले की तिथे भोक, ठेवले की जांभळा धूर.

गुरुवारी स्तामेना डोकावली. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून म्हणाली, "ही कोण? पोस्टातली बाई?"

"अजून व्हायचंय, मावशी."

"केस आहेत का टोपी?"

"म्हटलं ना, व्हायचंय."

"सावकाश होऊ दे. मला घाई नाही." आणि जाता जाता दारातून, "दगडवाल्या झिवोइनला मात्र पुढच्या शनिवारी चकती हवीय."

मिल्यानाने सगळं पुसून पहिल्यापासून धरलं. आधी गड्डा काढला, कुरळा न् कुरळा, आणि त्याच्यामागे जी पानं कॅमेऱ्याने कधी पाहिलीच नव्हती ती भरली. त्याच फोटोच्या कडेची पानं उचलली. पण फक्त तितकीच धूसर असलेली. समोरचं स्पष्ट, रेखीव पान तिथे बसवलं असतं तर स्तामेनाच्या डोक्यातून झाड उगवलेलं दिसलं असतं. मग कपाळापासून मागे, एकेक बट कॉम्प्युटरच्या पेनाने ओढत नेली. मुळाशी गडद, मधे फिकट, टोकाला विरत जाणारी. ऊन डावीकडून, म्हणून चमक डावीकडेच. वेणीची सावली गळ्यावर आणि कॉलरवर टाकली. सावली नसेल तर वेणी हवेत तरंगते. शेवटी चार-पाच केस मोकळे सोडले, वाऱ्याने उडाल्यासारखे, आणि ते नेहमीपेक्षा जरा जाड काढले, कारण बारीक रेघ भट्टी गिळून टाकते. मूळ फोटोत जे बारीक ठिपके होते ते नव्या केसांवरही शिंपडले. मग खुर्ची मागे सरकवून ती लांबून बघत बसली. अक्रोडाखाली एक म्हातारी उभी होती आणि तिला वेणी होती. झालं.

नेमका तेव्हाच रादिशा आला.

दार उघडायच्या आधी त्याने गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं. आत आला, टोपी काढली, बगलेतून प्लमच्या दारूची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, "ही आली होती ना?"

मिल्यानाने पडदा झटकन मालवला. "कोण, काका?"

"माझी. वेणी सांगितली ना तिने? माहीत होतं मला. डबा हलवलाय माळ्यावरचा." तो खुर्चीवर टेकला. "पोरी, वेणी नको घालूस. आखूड कर. असे." आणि पाकिटातल्या पाकिटातून त्याने एक छोटासा फोटो काढला, कडा कातरलेला, घडी पडून पडून मधे पांढरा झालेला. बस स्टँडच्या भिंतीपुढे एक तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी सुटकेस घेऊन उभी. केस मुलासारखे कापलेले, कान उघडे. चेहऱ्यावर ऊन, आणि कोणाच्या तरी थोबाडीत मारावी असा भाव.

"ही मावशी?"

"त्र्याहत्तर सालची. व्हिएन्नाहून दोन वर्षांनी आली. मी स्टँडवर न्यायला गेलो आणि तिच्या शेजारून पुढे निघून गेलो. दोनदा. मग हिनेच हाक मारली, 'अरे रादिशा, मेल्या!' म्हणून. तेव्हा ओळखली."

"आणि काय म्हणालात?"

रादिशाने टोपी गुडघ्यावर फिरवली. "म्हटलं, कुठल्या मेंढपाळाने भादरलं तुला?"

"अरेरे, काका!"

"चालत घरी गेली ती. सात किलोमीटर. सुटकेस मी उचलली, तेवढंच. त्यानंतर चार वर्षं केसांना कात्री लावू दिली नाही." त्याने फोटो तिच्याकडे सरकवला. "आणि खरं सांगू? इतकी सुंदर ती आधी कधी दिसली नव्हती आणि नंतरही नाही. मला वाटलं, ही कोणी शहरातली बाई आहे, दुसऱ्या कोणाची वाट बघतेय. अशी बाई माझ्यासाठी कशाला थांबेल? म्हणून पुढे गेलो."

"मग हे तिला सांगा ना."

"आता? पन्नास वर्षांनी? ती विचारेल, काल का नाही सांगितलंस." तो उठला. दारापर्यंत गेला आणि परत आला. "आणि हे बघ, ती जर आखूड केसांत एवढी तरणी दिसणार असेल, तर माझ्याही डोक्यावर थोडे घाल. जास्त नकोत. मी हावरट माणूस नाही. इथे, बाजूने, लोक म्हणतील होते एके काळी, इतपत."

तो गेल्यावर मिल्याना बराच वेळ त्या बाटलीकडे बघत बसली. तिचं शहाणपण सांगत होतं, गिऱ्हाईक स्तामेना आहे, वेणी तयार आहे, भट्टी पेटव आणि मोकळी हो. पण हात कधीच पेनाकडे गेला होता. करून तर बघू, तिने स्वतःला समजावलं.

आखूड केस करणं सोपं, असं गिऱ्हाइकांना वाटतं. कापायचेच तर आहेत. खरं तर उलट असतं. लांब केस खालचं झाकतात. आखूड केस खालचं उघडं पाडतात, आणि खाली जे आहे ते फोटोत नसतंच. स्तामेनाची मान कुरळ्यांखाली, कान कुरळ्यांखाली. मान रंगवून भागलं असतं, पण कान नाही. कान माणसागणिक निराळा. दुसऱ्याचा लावला तर घरच्यांना काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण फोटो बघवत नाही. आणि त्र्याहत्तर सालच्या फोटोतला कान चिमुकला, त्यावरून कागदाची घडी गेलेली. शिवाय कान जन्मभर लांबत जातो.

शनिवारी तिने स्तामेनाला फोन केला. "मावशी, चार वाजता या जरा. तुमच्या कानाचा फोटो हवाय."

"कानाचा?"

"हो."

"वेणीला कान कशाला लागतो?"

"केस मागे ओढले की कान दिसतो ना."

"माझ्या वेणीत कान दिसायचा नाही."

"आता दिसणार."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "येते."

ती आली. अंगणात लिंडनखाली उभी राहिली, दोन्ही हातांनी कुरळे मागे धरले, आणि मिल्यानाने डावा कान, उजवा कान, मान असे दहा-बारा फोटो काढले. स्तामेना सगळा वेळ गप्प होती, आणि स्तामेना गप्प असणं हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

"झालं? पाणी दे गं जरा," दुकानात शिरत ती म्हणाली. मिल्याना पाणी आणायला वळली आणि मग तिच्या लक्षात आलं, की पडदा मालवलेला नाही.

ती पेला घेऊन धावत आली तेव्हा स्तामेना पडद्यापुढे बसली होती. अक्रोडाखाली आखूड केसांची स्तामेना उभी होती. करडे-तपकिरी केस, कपाळावर एक बट, कानांच्या जागी मात्र दोन धूसर डाग. शेजारी रादिशाच्या टकलावर कानाच्या वर माफक, सभ्य अशी केसांची झालर. आणि टेबलावर तो घडी पडलेला फोटो.

"हा त्याने चुलीत घातला होता," स्तामेना म्हणाली. "माझ्या देखत."

"दुसरी प्रत असेल, मावशी."

"दुसरी प्रत." ती त्या फोटोला हात न लावता बघत राहिली. "बोलाव त्याला. बाजारात आहे, तंबाखूच्या दुकानात. फोनवर सांग, दुकान पेटलंय."

दुकान पेटलंय असं मिल्यानाने सांगितलं नाही. 'मावशींना कळलंय' एवढंच सांगितलं. रादिशा पाच मिनिटांत हजर. पेटल्यावरही इतक्या वेगाने आला नसता.

"बोल," स्तामेना म्हणाली.

"काय बोलू?"

"हिला जे बोललास ते. मला दिसतंय, तू हिला काहीतरी बोललायस. पन्नास वर्षं माझ्याशी मिरच्यांवर बोलतोस आणि परक्या बाईपुढे पोपट होतोस!"

रादिशाने मिल्यानाकडे बघितलं. मिल्याना एकदम फार कामात असल्यासारखी भट्टीची कडी तपासू लागली.

"त्या दिवशी," रादिशा खाली बघून म्हणाला, "मी तुला ओळखलं नाही, कारण… अशी बाई माझी असेल असं वाटलं नाही मला."

"मोठ्याने."

"स्तामेना, बाहेर ऐकू जाईल."

"जाऊ दे. 'भादरलं' म्हणालास ते अख्ख्या स्टँडने ऐकलं होतं."

"सुंदर दिसत होतीस!" रादिशा जवळजवळ ओरडला. "घाबरलो मी! म्हणून काहीतरी बोललो. झालं समाधान?"

स्तामेनाचा चेहरा हलला नाही, पण कान लाल झाले. अगदी कडेपर्यंत. मिल्यानाला वाटलं, आत्ता फोटो काढायला हवे होते.

"त्या सुटकेसमध्ये," स्तामेना शेवटी म्हणाली, "तुझ्यासाठी तीन शर्ट होते. सात किलोमीटर मी हिशोब करत चालले, कुठला फाडू."

"एकही नाही फाडलास."

"महागाचे होते." तिने नाक पुसलं, खुर्ची पडद्याकडे ओढली, आणि आवाज पुन्हा मिरचीवाल्या बाईचा झाला. "हं. आता या टकलाचं काय चाललंय ते सांग. हे काय उगवलंय?"

"थोडेच आहेत," रादिशा म्हणाला.

"काढ गं ते. चाळीस वर्षं हे डोकं मी रुमालाने पुसलंय, उन्हात टोपी घातलीय. तेच डोकं राहील. तिथे वरती माझ्या शेजारी परका माणूस नको."

"आणि तुमचे केस, मावशी?" मिल्यानाने विचारलं. "आखूडच ठेवू ना? कान आता मिळालेत."

तिला उत्तर माहीत आहे असं वाटत होतं. स्तामेनाने दोन्ही चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली. वेणीवालं. आखूडवालं. परत वेणीवालं.

"दगडावर वेणी," ती म्हणाली.

"पण…" रादिशा म्हणाला.

"पण काय? दगड गावासाठी आहे. गावाने मला वेणीत पाहिलंय, क्रस्ताना तर वेणी बघून जळायची. ती जळत राहू दे." तिने आखूड केसांच्या चित्रावर बोट ठेवलं. "हे गावाला कशाला दाखवायचं? हे कागदावर काढ. घरात लावायला. आणि कान नीट बसव, पोरी, डावा जरा बाहेर आहे माझा."

मिल्यानाने कान नीट बसवले. डावा जरा बाहेर. कानाच्या पाळीवर मागून येणारं ऊन लालसर उमटवलं, आणि कानामागचे दोन-चार केस त्या लालीत विरघळू दिले. मग वेणीच्या चित्राची छपाई केली, चकतीवर बसवली आणि सोमवारी सकाळी भट्टी लावली. दुपारी उघडली तेव्हा चेस्टनट विटेसारखा झाला नव्हता. अक्रोडाच्या सालीसारखा झाला होता, म्हणजे चालण्यासारखा. मोकळे सोडलेले केस पाचही टिकले होते.

शनिवारी झिवोइनने चकती दगडात बसवली. स्तामेनाने तिथेच चादर अंथरली, भाजलेल्या मिरच्या, चीज, पाव मांडला आणि येणाऱ्या जाणाऱ्याला बोलावून बसवलं. क्रस्ताना आली. चष्मा लावून दगडाजवळ गेली, बोटाने वेणी चाचपली, जणू उकलून येईल.

"खोटी आहे," ती म्हणाली.

"खरी आहे," स्तामेना म्हणाली. "घरी डब्यात आहे, ये कधीही, मोजून जा." आणि तिच्यापुढे मिरच्यांची बशी सरकवली.

पुढच्या दोन महिन्यांत मिल्यानाकडे त्या गावातून सात बायका आल्या. चौघींनी वेण्या मागितल्या, एकीने कुरळे, एकीने सोनेरी; आणि क्रस्तानाने, अर्थातच, काळे. मिल्यानाने तिला कानशिलापाशी थोडे पांढरे ठेवायला सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

डिसेंबरात रादिशा एकटाच आला. या वेळी गल्लीत इकडेतिकडे न बघता आला.

"तो कागदाचा फोटो," तो म्हणाला, "हिने चुलीवरच्या भिंतीला लावलाय. स्वयंपाक करताना समोर हवा म्हणते. तेलाने पिवळा पडला."

"दुसरी प्रत काढून देते, काका."

"दे. काच लावून दे." त्याने टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला. "आणि परवा न्हाव्याकडे गेली होती. तो गड्डा काढून आली. सगळा."

"मग? काय म्हणालात?"

रादिशाने टोपी परत डोक्यावर ठेवली.

"दार उघडलं तर समोर उभी. तोंडातून शब्दच फुटेना," तो म्हणाला. "मग तीच म्हणाली, 'घे, यावेळी तरी गप्प बसलास.' आणि आत जाऊन सूप गरम केलं."